नेहमीची मुदत

त्याला सगळे खाटवाला म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर साहेब. दवाखान्यात लागणाऱ्या लोखंडी खाटा त्याच्या कारखान्यात तयार व्हायच्या. कळ फिरवली की रोग्याचं डोकं वर, दुसरी फिरवली की पाय वर, खाली चार चाकं आणि बाजूला पडू नये म्हणून कठडा. माल चांगला होता, त्याबद्दल शत्रूसुद्धा नावं ठेवत नसे. मोठमोठे दवाखाने घेऊन जायचे आणि पैसे मात्र सवडीने द्यायचे. दवाखान्यांचं असंच असतं. रोग्याकडून आगाऊ, खाटवाल्याला मागाहून.

नगदशेठकडे तो पहिल्यांदा गेला तेव्हा छाती पुढे काढून गेला होता. नवी शेड उभारायची होती, दहा कोटी हवे होते, आणि बदल्यात कंपनीचा तिसरा हिस्सा द्यायला तो तयार होता. नगदशेठ हेही टोपणनावच. म्हातारा दुसऱ्यांच्या धंद्यांत पैसा घालायचा, आणि कोणीही ताळेबंद पुढे ठेवला की पहिला प्रश्न एकच विचारायचा, नगद किती. कचेरी साधी होती. एक लांब टेबल, पाण्याचा जग, आणि पाहुण्यासाठी मुद्दाम ठेवली असावी अशी एक डुगडुगणारी खुर्ची. शेजारी त्याची मुलगी बसायची. धंद्यात ती बापाची भागीदार होती आणि बहुतेक बाबतींत बापाच्या विरुद्ध मताची.

खाटवाल्याने सांगितलं, वर्षाचा निव्वळ नफा चार कोटी. म्हाताऱ्याने मान डोलावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडे बोटाने एकेक करून वाचायला लागला. चार कोटी नफा. त्यात यंत्रांच्या घसाऱ्याचा एक कोटी मिळवला, कारण घसारा खर्च म्हणून लिहितात पण त्या वर्षी खिशातून कोणाला द्यावा लागत नाही. झाले पाच. आता दवाखान्यांकडची उधारी आणि गोदामातला माल मिळून साडेचार कोटींनी वाढलेला, म्हणजे तेवढे नफ्यात लिहिले पण घरी आलेच नाहीत. उरला अर्धा. आणि दीड कोटीची नवी यंत्रं घेतलेली.

"म्हणजे उणे एक," नगदशेठ म्हणाला. "चार कोटी कमावणारा माणूस वर्षअखेरीला एक कोटी कर्ज काढून घरी गेला. बरं चाललंय की."

मुलीने मध्ये तोंड घातलं. तिचं म्हणणं असं की वाढत्या धंद्याची रोकड आटतेच, यंत्रं आज घेतली तरी दहा वर्षं चालणार आहेत, त्यांचा सगळा भार एकाच वर्षाच्या डोक्यावर का ठेवायचा. नफ्यात खर्च त्याच्या त्याच्या वर्षाला वाटला जातो, म्हणून धंदा मुळात कमावतो की नाही ते नफाच सांगतो. एका वर्षाची रोकड काय, चार बिलं इकडची तिकडे केली की हवी तशी दिसते.

"बाबा, मूल उंच होतंय म्हणून कपडे तोकडे पडतायत. तुम्ही त्याला आजारी म्हणताय."

"असेल," म्हातारा म्हणाला. "पण नफा हा पाहुण्यांसमोरचा बोल आहे गं. रोकड म्हणजे पाहुणे गेल्यावर घरात काय बोलतात ते. मी आयुष्यभर दाराला कान लावून पैसे मिळवले." मग खाटवाल्याकडे वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी या. सगळं भागवून, यंत्रंबिंत्रं घेऊन, मोकळी किती उरली तेवढं सांगा. नफा घरी ठेवून आलात तरी चालेल."

खाटवाला उठला तेव्हा खुर्ची एका पायावर कलली आणि तो टेबलाला धरून सावरला. मुलीने तोंडावर हात धरला. ते हसणं तो वर्षभर विसरला नाही.

आता नफा वाढवायचा तर माल जास्त विकावा लागतो, पण रोकड वाढवायची तर तेवढे कष्ट नाहीत. कोणाला द्यायचंच नाही, झालं. खाटवाल्याने हिशेबनिसाला बोलावून सांगितलं की जुनी मोठी यंत्रं यंदा दुरुस्तीला उघडायची नाहीत, नवीन काही घ्यायचं नाही, आणि वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत माल देणाऱ्यांना एक पैसा सोडायचा नाही. हिशेबनीस साधा माणूस, त्याने विचारलं, सगळ्यांना? खाटवाला म्हणाला, जे ओरडतील त्यांना द्या. जे ओरडणार नाहीत त्यांचे ठेवा.

न ओरडणाऱ्यांत सर्वांत मोठं देणं वहिनीचं होतं.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भावाने खाटांच्या सांगाड्यांना रंग चढवायचं दुकान काढलं होतं. पावडर फवारायची, मग सांगाडे साखळीला टांगून भट्टीतून न्यायचे, बाहेर आले की रंग असा बसलेला की नखाने खरवडला तरी निघू नये. भाऊ गेला आणि लोक म्हणाले, आता भट्टी विझली. विझली नाही. बाईने पदर खोचला, वर्षभरात ती पोकळ नळीचा आवाज ऐकून सांगायला लागली की आत गंज आहे. खाटवाल्याच्या सगळ्या खाटा तिच्याकडेच रंगायच्या. महिन्याचं बिल तेवीस-चोवीस लाखांचं, आणि ते भाऊ होता तेव्हापासून तीस दिवसांत मिळायचं. खाटवाल्याचा पहिला कारखाना याच भावाने स्वतःचं घर गहाण टाकून उभा करून दिला होता, हेही सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडत नाही, पण सांगून ठेवतो.

तो तिच्याकडे स्वतः गेला. एवढं त्याने केलं.

वहिनी चेहऱ्यावरचं फडकं खाली ओढून बाहेर आली. पापण्यांवर पांढरी पावडर बसलेली, जणू एकाच सकाळी म्हातारी झालेली. त्याने सगळं समजावून सांगितलं. तीन महिने थांबायचं, वर्षअखेर सरली, हिशेब तपासून झाले, म्हाताऱ्याचे पैसे आले, की त्याच दिवशी सगळं चुकतं.

"भाऊजी, तीन महिने गॅसवाला थांबणार आहे का माझ्यासाठी?" ती म्हणाली. "पावडरवाला तर मला अगं म्हणतो, पण उधारीचं नाव काढलं की अहो म्हणायला लागतो."

"कुठून तरी काढा थोडे दिवस. व्याज मी भरतो."

"व्याजाचं काय घेऊन बसलात. तुमची शेड झाली तर माझीच भट्टी दुप्पट चालणार." आणि हसून म्हणाली, "जा. म्हाताऱ्याला दाखवा कपाट भरलेलं. पण माझं लुगडं त्यात आहे एवढं ध्यानात ठेवा."

तिने भट्टी आणि साखळी तारण ठेवून एका सावकारी पेढीकडून पन्नास लाख उचलले. गॅस चालू राहिला.

वर्षअखेरीला आकडे असे आले की हिशेबनिसाने दोनदा बेरीज केली. नफा पुन्हा चारच कोटी, इंचभर हलला नव्हता. पण घसाऱ्याचा एक, देणी वाढवून हातात राहिलेले दोन, त्यातून दवाखान्यांकडे अडकलेले दोन गेले, यंत्रांवर खर्च जेमतेम वीस लाख; मोकळी रोकड चार कोटी ऐंशी लाख. गेल्या वर्षी उणे एक असलेला माणूस यंदा नफ्यापेक्षा जास्त रोकड घेऊन उभा. खाटवाला आरशासमोर उभा राहून तो आकडा दोन-तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहत होता.

नगदशेठची मात्र एक रीत होती. पैसा घालण्याआधी तो कारखाना बघायला जायचा नाही. कारखाना काय, लग्नाच्या मुलीसारखा सजवून ठेवतात. तो त्या कारखान्याला माल देणाऱ्यांकडे जायचा, सगळ्यांत लहानाकडे किंवा सगळ्यांत जवळच्याकडे, आणि पाणी मागून बसायचा. तसा तो वहिनीकडे गेला. वहिनीने त्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. म्हातारा बसला, पाणी प्यायला, भट्टीची चौकशी केली, आणि जाता जाता विचारलं, तुमचे पैसे किती दिवसांनी देतात हो ते?

"मग काय सांगितलंत?" खाटवाल्याने विचारलं.

"सांगितलं, चार महिन्यांनी. आमची नेहमीची मुदत आहे. घरचंच काम, माझी काही तक्रार नाही म्हटलं." मग जरा थांबून, "बरोबर बोलले ना भाऊजी? तीस दिवस म्हटलं असतं तर विचारलं असतं त्याने, मग आता का थकले."

"एकदम बरोबर वहिनी. तुम्ही वाचवलंत."

"बाई शिकली नाही म्हणतात, पण खोटं बोलायला शाळा लागत नाही," ती म्हणाली, आणि दोघं हसले. त्या वेळी खरोखर दोघंही हसले.

करार करायच्या दिवशी तीच कचेरी, तीच खुर्ची. खाटवाला या खेपेस तिच्यावर जपून बसला. म्हाताऱ्याने चार कोटी ऐंशी लाखांकडे पाहून कौतुक केलं, आणि मग पेन्सिल उचलली. देणी वाढवून राहिलेले दोन कोटी हे एकदाच मिळतात, म्हणाला, पुढच्या वर्षी त्याच माणसांना आणखी तीन महिने थांबवलं तरच पुन्हा मिळतील, म्हणून ते खोडले. यंत्रांवर दरसाल दीड कोटी लागतातच, यंदा वीस लाखांत भागवलं म्हणजे एक कोटी तीस लाखांची दुरुस्ती उद्यावर ढकलली, तीही खोडली. उरला दीड कोटी.

"ही तुमची खरी मोकळी," म्हातारा म्हणाला. "वाईट नाही. उणे एकपेक्षा बरी."

मुलगी म्हणाली, आणि नफा दोन्ही वर्षं चारच होता. तिच्या बोलण्यात आनंद नव्हता, नुसती टाचणी होती. गेल्या वर्षी चार म्हणाला तेव्हाही हा धंदा एवढाच कमावत होता आणि आजही एवढाच. मधल्या वर्षात त्याने फक्त तुमच्या आवडीचं गाणं पाठ करून आणलंय, बाबा.

खाटवाल्याला वाटलं, उठावं आणि जावं. पण मग मुलीनेच सांगितलं की दोन्ही वर्षांची सरासरी, उधारीची वसुली आणि मागणी पाहता दहा कोटींना तिसरा हिस्सा त्यांना मान्य आहे. खाटवाल्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, फक्त एक प्रश्न राहिला. या दोन कोटींच्या देण्यांचं काय? ही थकलेली आहेत की तुमची मुदतच एवढी आहे?

त्याने विचारलं, त्याने काय फरक पडतो.

फरक तिने सरळ सांगितला. थकलेली असतील तर ते कर्जच आहे, दहा कोटींतले दोन पहिल्याच दिवशी माणसांना चुकते करायचे. मग शेडला आठच उरतात, आणि आठ कोटींत शेड होत नाही. वरचे दोन आम्ही घालू, पण मग निम्मी कंपनी आमची आणि तुमच्या खुर्चीवर मी बसणार. आणि मुदतच तेवढी असेल तर प्रश्नच नाही. दहाच्या दहा शेडला, हिस्सा तिसरा, खुर्ची तुमची. मात्र करारात लिहायचं की ही मुदत चार महिन्यांचीच राहील, देणी या पातळीच्या खाली आणायची नाहीत, आणि मुदतीआधी कोणाला पैसे द्यायचे असतील किंवा यंत्र घ्यायचं असेल तर चेकवर दुसरी सही माझी. आमचा पैसा पुढचं उभारायला आहे, मागचं भरायला नाही.

"तुमच्या वहिनींनी तर मला सांगितलं, नेहमीची मुदत," नगदशेठ म्हणाला. तो खाटवाल्याकडे पाहत नव्हता. पेन्सिलीचं टोक पाहत होता. "बाई खोटं बोलेल असं वाटलं नाही. पण तुम्ही घरचे. तुम्ही सांगा."

खाटवाल्याने पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. त्याच्या मनात काय आलं म्हणाल तर भाऊ नाही आला, गहाण टाकलेलं घर नाही आलं. त्या मुलीचं गेल्या वर्षीचं तोंडावर हात धरून हसणं आलं, आणि आपल्या खुर्चीवर ती बसलेली आहे असं चित्र आलं. मग असंही आलं की वहिनीला दर महिन्याला काहीतरी मिळतच राहील, चार महिन्यांपूर्वीचं बिल का होईना. अगदी बुडाली असं नाही. फक्त मधले तीन महिने.

"नेहमीचीच मुदत आहे," तो म्हणाला.

सह्या झाल्या. मुलगी कागद घेऊन आत गेली, आणि म्हातारा त्याला जिन्यापर्यंत पोचवायला आला. एवढा मान तो कोणाला देत नसे.

"मी गेलो होतो तेव्हा बाईची भट्टी भर दुपारी गार होती," नगदशेठ म्हणाला. "गॅस वाचवायला दोन दिवसांचं काम साठवून एकदम पेटवतात म्हणे. वेळेवर पैसे मिळणारा माणूस भट्टी गार ठेवत नाही."

खाटवाला एका पायरीवर थांबला. "मग विचारलंत कशाला?"

"आकडे खोटं बोलतात की खरं, ते मला पेन्सिलीने कळतं. माणूस कोणाला विकतो, ते विचारावं लागतं." म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "काळजी करू नका. असा माणूस चालवायला मला आवडतं. फक्त चेकबुक जवळ ठेवावं लागतं."

वहिनीला सांगायला तो आठवडाभर गेला नाही. शेवटी तीच आली, कचेरीत, फडक्याशिवाय, स्वच्छ चेहऱ्याने. हातात पिशवी आणि पिशवीत तिच्या हिशेबवाल्याने काढून दिलेला तिचा ताळेबंद.

तिने आधी तो टेबलावर ठेवला. आजवर कधी झाला नव्हता एवढा नफा तिला त्या वर्षी झाला होता. खाटा जास्त रंगल्या, बिलं जास्त फाडली, आणि बिल फाडलं की नफा लिहिला जातो, पैसे येवोत न येवोत. हिशेबवाल्याने अभिनंदन केलं होतं आणि सोबत त्या नफ्यावर कर किती भरायचा तेही लिहून दिलं होतं.

"बघा, तुमच्यासारखी झाले," ती म्हणाली. "भरपूर नफा आणि गल्ल्यात झुरळं. सरकारला वाटतं मी शेठाणी झाले. आता ते तीन महिन्यांचे पैसे द्या भाऊजी, पेढीवाले परवा येऊन भट्टी मोजून गेले."

त्याने सांगितलं. खुर्चीचं सोडून बाकी सगळं सांगितलं. करार असा आहे, मुदतीआधी द्यायचं तर दुसरी सही त्या पोरीची लागते, ती देणार नाही. दर महिन्याचं बिल मिळत राहील. पण ते मधले सत्तर लाख आता जोपर्यंत काम चालू आहे तोपर्यंत असेच मध्ये राहणार. वाटेत असलेल्या पाण्यासारखे. नळ बंद केला तरच हाती येणार.

वहिनीने ताळेबंद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "पण तुम्हाला विचारलं असेल ना कोणी. थकलेत का म्हणून."

"तुम्हीच सांगितलं होतंत ना वहिनी, नेहमीची मुदत. मग मी वेगळं कसं बोलणार? दोघांचं दोन तोंडांनी आलं असतं तर करारच मोडला असता."

हे बोलताना त्याला ते खरंच वाटत होतं. अशा वेळी माणसाला स्वतःचं म्हणणं पटतं, तीच तर सोय असते.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी." ताळेबंदाची घडी घालून तिने तो पिशवीत ठेवला. ती रडली नाही, की शिव्याशाप दिले नाहीत, आणि खाटवाल्याला ते फार बरं वाटलं. न ओरडणाऱ्यांचे ठेवा, असं तोच म्हणाला होता.

तीन हप्ते चुकल्यावर पेढीने भट्टी आणि साखळी ताब्यात घेतली आणि विकायला काढली. काढलेल्या भट्टीला गिऱ्हाईक कोण? जो आधीच तिच्यावर अवलंबून आहे तोच. नगदशेठच्या मुलीने मोल सांगितलं अठरा लाख, आणि यंत्रखरेदीच्या चेकवर दुसरी सही तिने स्वतःहून केली. नव्या शेडच्या एका टोकाला ती भट्टी उभी राहिली. दुकान बंद झालं, नवं बिल थांबलं, तसे वहिनीचे अडकलेले पैसे मुदतीप्रमाणे महिन्या महिन्याने सुटले आणि पेढीची बाकी, व्याज, गॅस आणि कर यांत सरळ गेले. हिशेब शेवटच्या पैपर्यंत चुकता झाला. कंपनीने तिचं काहीही बुडवलं नाही, हे कोणत्याही कोर्टात सांगता आलं असतं. व्याज मी भरतो म्हणाला होता त्याचा विषय कोणी काढला नाही.

भट्टीने नवी शेड गाठली तेव्हा रंग नीट बसेना. सांगाडे कोपऱ्यात पिवळे पडत होते. दवाखान्याने चाळीस खाटा परत पाठवल्या. मुलगी म्हणाली, ही भट्टी ज्यांना कळते त्यांना बोलवा, पगार द्या.

वहिनी आली. तिने भट्टीचं दार उघडून आत हात घातला, मागची एक झडप अर्धी वळवली आणि म्हणाली, हवा उलटी लावलीत. मग फडकं नाकावर ओढलं आणि कामाला लागली. तिच्या जुन्या कामगारांपैकी दोघं तिथेच होते, त्यांनी तिला बाई म्हणायचं की अहो म्हणायचं ते ठरेना, म्हणून काहीच म्हटलं नाही.

संध्याकाळी खाटवाला तिकडून गेला. त्याला वाटलं होतं, ती मान खाली घालेल आणि आपण पुढे जाऊ. ती सरळ पुढे आली, पापण्या पांढऱ्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात तिने विचारलं, "साहेब, पगाराची मुदत किती?"

आजवर तिने त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

"महिन्याच्या महिन्याला," तो म्हणाला.

"लिहून द्या," वहिनी म्हणाली. "आणि खाली दुसरी सही घ्या त्यांची. तुमची एकटी चालत नाही म्हणे."

कामगारांतला एक जण हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. खाटवाल्याने खिशातून पेन काढलं. मग ते हातात तसंच धरून तो कागदाला दुसरी सही आणायला वरच्या मजल्यावर निघाला, जिथे आता नगदशेठची मुलगी बसायची.